स्क्रीन नसलेला स्पीकर किंवा ट्रॅकर फोनला जोडायचा कसा: दिवा वाचणं आणि बटण धरणं

“मावशी, निळा दिवा लागतोय, पण फोनमध्ये याचं नावच येत नाही.” भाच्याच्या हातात मुठीत मावेल एवढा स्पीकर होता. वर एकच बटण, बाजूला चार्जिंगची खाच, जाळीखाली टाचणीच्या डोक्याएवढा दिवा. माहितीपत्रक केव्हाच हरवलेलं.

म्हटलं, “काय करतोस ते करून दाखव.”

त्याने बटण दाबून धरलं. दोनेक सेकंदांत दिवा लागला, छोटीशी धून वाजली आणि त्याने लगेच बटण सोडलं. “लागला की!”

गडबड इथेच होती. तो ज्याला जोडणी समजत होता, ते फक्त स्पीकर चालू होणं होतं. बटण आणखी तीन सेकंद धरलं असतं, तर त्याच दिव्याने वेगळं काही सांगितलं असतं. अशा वस्तूंशी झगडणाऱ्या बऱ्याच जणांचं घोडं याच पायरीवर अडतं: दिवा लागला की बोट उचललं जातं.

या लेखात तो स्पीकर शेवटपर्यंत जोडून दाखवते आणि मग चाव्यांना किंवा बॅगेला लावायच्या ट्रॅकरकडे वळते, कारण त्याची तऱ्हा वेगळी आहे. तुमच्या वस्तूचे नेमके सेकंद आणि रंग वेगळे असतील. ते शोधायचे कसे, हेच इथे सांगायचं आहे.

दिवा दोनपैकी एक प्रश्न विचारत असतो

ब्लूटूथ स्पीकर चालू झाला की आधी जुनी ओळख शोधतो. पूर्वी ज्या फोनशी जोडला होता त्याची एक गुप्त किल्ली त्याच्या मेमरीत असते, आणि तीच किल्ली त्या फोनमध्येही असते. चालू होताच स्पीकर जणू हाक मारतो, “आपल्यातलं कुणी आहे का?” या वेळी दिवा बहुधा संथपणे लुकलुकतो, साधारण एक-दोन सेकंदांनी एकदा. नवा फोन शेजारी ठेवलात तरी बऱ्याच स्पीकरांची नावं त्याला दिसत नाहीत, कारण प्रश्न त्याला उद्देशून नसतोच.

दुसरा प्रश्न “नवीन कुणी आहे का?” हा. यालाच पेअरिंग मोड म्हणतात. या अवस्थेत स्पीकर आपलं नाव आजूबाजूच्या सगळ्या फोनना दिसू देतो. दिवा घाईत असतो: सेकंदाला दोन-तीन वेळा चमकतो किंवा लाल-निळा आळीपाळीने होतो. सोबत बहुधा वेगळी धून किंवा रेकॉर्ड केलेला आवाजही येतो. ही अवस्था कायम टिकत नाही. काही मिनिटांत कुणी जोडलं नाही, तर स्पीकर पुन्हा जुन्या ओळखींकडे वळतो किंवा बंद होतो.

आणि दिवा स्थिर झाला, म्हणजे उत्तर मिळालं, कुणीतरी जोडलं गेलं. मात्र ते “कुणीतरी” तुम्हीच असाल असं नाही. दिवा स्थिर आहे आणि तुमच्या फोनवर काहीच नाही, तर स्पीकर दुसऱ्याच कुणाच्या तरी ताब्यात आहे, असं खुशाल समजा.

रंगांवर फार विसंबू नका. एका कंपनीचा निळा म्हणजे जोडलेला, दुसरीचा पांढरा म्हणजे जोडलेला, तिसरी हिरवा वापरते. शिवाय लाल आणि हिरवा वेगळे ओळखू न येणारे लोकही कमी नाहीत. लय मात्र बहुतेक ठिकाणी सारखीच असते: संथ म्हणजे वाट पाहणं, घाईची म्हणजे नव्याला बोलावणं, स्थिर म्हणजे जोडलं गेलं. आधी लय बघा, मग रंग.

हा दिवा नेमका कुणाचा आहे?

स्वस्त स्पीकरमध्ये एक फसवणूक हमखास आढळते. एकाच भोकातून दोन दिवे दिसतात, आणि त्यांपैकी लाल दिव्याचा ब्लूटूथशी काहीच संबंध नसतो. तो बॅटरी चार्ज करणाऱ्या चिपचा असतो. चार्जिंग चालू असताना तो लागतो आणि बॅटरी भरली की विझतो. वायर लावून पेअरिंग करणाऱ्याला मग लाल स्थिर आणि त्यावर निळा लुकलुकता असं मिश्रण दिसतं, आणि तो हाच “लाल-निळा” समजून बसतो.

म्हणून चार्जिंगची वायर काढून मगच दिवा वाचायचा. वायर काढताच जो रंग गेला, तो चार्जिंगचा. उरला तो ब्लूटूथचा. वायर काढल्यावरही लाल दिवा अधूनमधून एकटाच चमकत असेल, तर बॅटरी संपत आली आहे. अशा वेळी जोडणी अर्ध्यात तुटते आणि आपण उगाच बटणाला दोष देत बसतो. आधी अर्धा-पाऊण तास चार्ज करा, वायर काढा आणि मग कामाला लागा.

आणखी एक. स्पीकरला ऑक्स केबल किंवा मेमरी कार्ड लावलेलं असेल, तर तो त्या मोडमध्ये जाऊन ब्लूटूथ बाजूला ठेवतो. तेही काढून ठेवा.

बटणाची शिडी

एकच बटण पाच कामं करतं, ती वेळेच्या हिशोबाने. आतला प्रोग्रॅम बटण किती वेळ दाबलेलं आहे ते मोजत राहतो आणि ठरावीक क्षणांना पुढचं काम निवडतो. मी याला शिडी म्हणते. खालची पायरी चालू-बंद, मधली पेअरिंग, सगळ्यात वरची रिसेट, म्हणजे सगळ्या ओळखी पुसणं. म्हणूनच चढायचं खालून वर. सुरुवातीलाच पंधरा सेकंद दाबून धरलंत, तर बाकीच्यांचे व्यवस्थित जोडलेले फोनही विसरले जातील.

बटणाचा अर्थ स्पीकरच्या अवस्थेप्रमाणेही बदलतो. बंद असताना तीन सेकंद धरलं तर स्पीकर चालू होतो. चालू आणि जोडलेला असताना तेच तीन सेकंद म्हणजे बंद होणं, आणि गाणं वाजत असताना एक टिचकी म्हणजे ते थांबणं. त्यामुळे प्रत्येक प्रयोग एकाच ठिकाणाहून सुरू करायचा: पूर्ण बंद स्पीकर, वायर काढलेली, सगळे दिवे विझलेले. हे पाळलं नाही, तर दोन प्रयोगांची तुलनाच करता येत नाही.

वेळ मनात मोजू नका. अधीर माणसाचे पाच सेकंद तीनच भरतात, हे मी माझ्यावरूनच सांगते. दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच लावा. त्याहून बरं म्हणजे दुसऱ्या फोनने व्हिडिओ घ्या, ज्यात तुमचं बोट, दिवा आणि स्पीकरचा आवाज सगळं येईल. मग सावकाश मागे-पुढे करून बोट कधी टेकलं, दिवा कधी बदलला, धून कधी वाजली ते बघता येतं. दिवा फार प्रखर असेल तर कॅमेऱ्यात त्याचा रंग पांढराच दिसतो. त्यावर पातळ कागदाचा तुकडा धरा, रंग स्पष्ट होतो आणि भोकात दडलेला दुसरा दिवाही कागदावर उमटतो.

आता भाच्याच्या स्पीकरवर आम्ही काय केलं ते.

पहिल्यांदा बंद स्पीकरचं बटण एक सेकंद दाबून सोडलं. काहीच झालं नाही. म्हणजे एवढ्याने तो चालू होत नाही. दुसऱ्यांदा धरून ठेवलं. दुसऱ्या सेकंदाला निळा दिवा लागला, धून वाजली, आणि या वेळी मी सोडलं. निळा संथ लुकलुकू लागला, दोन सेकंदांनी एकदा. ही चालू होण्याची पायरी, म्हणजे पहिला प्रश्न. बंद केला.

तिसऱ्यांदा पुन्हा धरलं. दोन सेकंदांना निळा आणि धून. भाचा सवयीने “सोड, सोड!” म्हणाला. सोडलं नाही. तिसरा, चौथा सेकंद गेला, निळा नुसताच लागलेला. पाचव्याच्या जरा आधी दिवा एकदम लाल-निळा, लाल-निळा असा फडफडायला लागला आणि दुसरी, चढती धून आली. तेव्हा बोट उचललं. फडफड चालूच राहिली. हीच मधली पायरी.

बोट उचलल्यावरही लय टिकली का, हे बघणं गरजेचं आहे. काही वस्तू बटण दाबलेलं असतानाच प्रतिक्रिया देतात, तर काही सोडल्यावर. दुसऱ्या प्रकारच्या वस्तूत धरून ठेवलंत तर काहीच घडत नाही असं वाटतं, आणि माणूस कंटाळून रिसेटच्या पायरीवर जाऊन पोहोचतो. दहा सेकंद धरूनही दिवा हलला नाही, तर पुन्हा धरत बसू नका. बंद करा, तीन सेकंदांवर सोडून बघा, मग पाचवर, मग सातवर, आणि प्रत्येक वेळी सोडल्यानंतर काय होतं ते पाहा.

काही स्पीकरांना ब्लूटूथचं वेगळं बटण असतं, त्यावर टोकदार B सारखं ब्लूटूथचं चिन्ह असतं. तसं असेल तर काम सोपं: आधी पॉवर बटणाने चालू करा, मग चिन्हाचं बटण दाबा किंवा दोन-तीन सेकंद धरा. शिडी इथेही आहे, फक्त दोन बटणांत वाटलेली.

स्पीकर दुसऱ्याच्या ताब्यात असतो तेव्हा

लाल-निळी फडफड सुरू झाली म्हणून भाच्याने फोनमधलं ब्लूटूथ उघडलं. यादीत नाव आलं, तो त्यावर बोट ठेवणार तोच दिवा एकदम स्थिर निळा झाला आणि नाव यादीतून गेलं. पेअरिंग मोडची वेळ तर नुकतीच सुरू झाली होती.

हे कोडं सुटलं शेजारच्या खोलीत. त्याच्या बहिणीचा टॅब्लेट तिथे चालू होता, आणि हा स्पीकर पूर्वी त्यालाच जोडलेला. स्पीकर पेअरिंग मोडमध्ये असला तरी काही मॉडेल ओळखीच्या यंत्राला नकार देत नाहीत. टॅब्लेटने आपली किल्ली पुढे केली आणि स्पीकरने दार उघडलं. ब्लूटूथला मधे एखादी भिंत असली तरी सहसा फरक पडत नाही, त्यामुळे गुन्हेगार नजरेआड असतो.

उपाय साधा आहे. या स्पीकरला पूर्वी जोडलेल्या प्रत्येक यंत्राचं ब्लूटूथ बंद करा: जुना फोन, लॅपटॉप, टॅब्लेट, टीव्हीसुद्धा. लॅपटॉपच्या बाबतीत नुसतं झाकण लावणं पुरेसं मानू नका, सेटिंगमधूनच ब्लूटूथ बंद करा. कुठलं यंत्र आहे ते आठवत नसेल, तर स्पीकर घेऊन लांब जा, आवारात किंवा जिन्यात, आणि तिथे जोडणी करा. नव्या फोनशी एकदा जोडणी झाली की मग बाकीची यंत्रं एकेक करून चालू करा.

टॅब्लेटचं ब्लूटूथ बंद केलं. पुन्हा बंद अवस्थेपासून पाच सेकंद, पुन्हा फडफड, आणि या वेळी नाव यादीत राहिलं.

नाव दिसतं, पण जोडणी नाकारली जाते

भाच्याने नावावर बोट ठेवलं आणि फोनने जोडता आलं नाही असा संदेश दिला. दुसऱ्यांदा तेच. इथे बहुतेक लोक स्पीकर बिघडला असं ठरवतात.

किल्ली दोन्ही बाजूंना असते, हे वर आलंच आहे. भाच्याने महिन्याभरापूर्वी हाच स्पीकर एकदा जोडला होता, म्हणून फोनकडे जुनी किल्ली होती. मधल्या काळात कुणीतरी स्पीकर रिसेट केला असावा, कारण स्पीकरकडची किल्ली पुसली गेली होती. फोन ओळखीच्या थाटात किल्ली दाखवतो, स्पीकर म्हणतो मी तुला ओळखत नाही, आणि बोलणी फिसकटतात. उलटंही होतं: फोनमधून नाव काढून टाकलेलं असतं आणि स्पीकर मात्र जुनी ओळख धरून बसलेला असतो.

त्यामुळे दोन्ही बाजूंची पाटी कोरी करायची. फोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत जोडलेल्या यंत्रांमध्ये त्या नावापुढच्या चिन्हावर जा आणि `Forget` किंवा त्याचं मराठी रूप निवडा. फोनचं ब्लूटूथ बंद करून पुन्हा चालू करा. आता स्पीकरच्या शिडीची सगळ्यात वरची पायरी: चालू स्पीकरचं बटण आठ-दहा सेकंद, कधी पंधरा. काही मॉडेलना दोन बटणं एकत्र दाबावी लागतात, बहुधा आवाज वाढवायचं बटण आणि ब्लूटूथचं किंवा प्लेचं. रिसेट झाल्याची खूण वेगळी असते: सगळे दिवे एकदम लागून विझतात किंवा स्पीकर आपोआप बंद होतो. भाच्याच्या स्पीकरमध्ये लाल आणि निळा दोन्ही एकत्र तीनदा चमकले, दिव्याचा जांभळा झाला म्हणा ना, आणि स्पीकर बंद झाला.

त्यानंतर पुन्हा चालू केला, तर पाच सेकंद धरायचीही गरज पडली नाही. ओळखच कुणाची नाही म्हटल्यावर तो चालू होताक्षणी फडफडायला लागला. रिसेट खरोखर झाला की नाही, हे तपासायची ही चांगली खूण आहे. भाच्याने नाव निवडलं, धून वाजली, दिवा स्थिर झाला.

या टप्प्यावर फोन कधी कधी पिन मागतो. २००७ साली आलेल्या ब्लूटूथ २.१ पासून सोपी जोडणी आली आणि स्क्रीन नसलेल्या वस्तूंना पिनची गरज राहिली नाही. तरीही जुन्या स्पीकरने मागितलाच, तर `0000` बघा, मग `1234`.

यादीत एकाच स्पीकरची दोन नावं दिसली, त्यातल्या एकाच्या आधी `LE` असं काही असेल, तर ते सोडून दुसरं निवडा. ते नाव अ‍ॅपशी बोलण्यासाठी असतं. त्याला जोडलंत तर फोन जोडलं म्हणतो, आवाज मात्र फोनमधूनच येत राहतो.

आणि एक सूचना टाचणीची. रिसेटचं बारीक भोक असलेल्या वस्तू असतात, पण फोनवर बोलता येणाऱ्या स्पीकरला तसंच दिसणारं भोक मायक्रोफोनचंही असतं. भोकाशेजारी रिसेट असं लिहिलेलं नसेल, तर त्यात काही घालू नका. खऱ्या रिसेटच्या भोकात हलक्या दाबाने बटणासारखा “टिक” असा स्पर्श होतो. मायक्रोफोनमध्ये टाचणी नुसती रुतते आणि तो कामातून जातो.

एकाच मॉडेलचे दोन स्पीकर असतील, तर जोडणी होईपर्यंत त्यातला एक बंदच ठेवा. बटण दोनदा पटापट दाबलं गेलं की अनेक स्पीकर फोन शोधायच्या ऐवजी आपल्या जुळ्याला शोधू लागतात. मग फोनच्या यादीत दोघांऐवजी एकच नाव दिसतं किंवा एकही दिसत नाही.

सगळं जमल्यावर भाच्याने चिकटपट्टीवर लिहून ती स्पीकरच्या बुडाला लावली: “चालू २ से. पेअरिंग बंदपासून ५ से. रिसेट चालूपासून १० से., जांभळा तीनदा.” माहितीपत्रकाचं काम तेवढ्या पट्टीने होतं.

ट्रॅकर: दिवा नाही, आवाज आहे

ट्रॅकरची गोष्ट वेगळी. त्यात बहुधा दिवा नसतो, कधी बटणही नसतं. बोलायला एक बारकासा बीपर, तेवढाच. आणि पहिलाच नियम स्पीकरच्या उलटा: ट्रॅकर फोनच्या ब्लूटूथ यादीतून जोडायचा नसतो. तो त्याच्या अ‍ॅपमधूनच जोडला जातो. यादीत त्याचं नाव दिसलं आणि बोट लावलं, तर जोडणी लागत नाही किंवा लागून लगेच सुटते. चुकून लावलं असेल, तर आधी तिथून `Forget` करा, मग अ‍ॅप उघडा.

अँड्रॉइड फोनवर अ‍ॅपला परवानग्या लागतात, आणि इथे बरेच जण गोंधळतात. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथवरून जवळची यंत्रं शोधायला लोकेशनची परवानगी लागायची आणि फोनचं लोकेशनही चालू असावं लागायचं. ते बंद असेल, तर अ‍ॅप काही तक्रार न करता नुसतं शोधत बसतं. अँड्रॉइड १२ पासून जवळच्या उपकरणांची वेगळी परवानगी आली. ट्रॅकरला मात्र तो कुठे दिसला हे नोंदवायचं असतं, त्यामुळे त्याचं अ‍ॅप लोकेशनही मागतं. ट्रॅकर बीप करतो आहे आणि अ‍ॅप फिरतंच आहे, तर ट्रॅकरला हात लावायच्या आधी फोनच्या परवानग्या बघा.

नवा ट्रॅकर झोपलेला असतो. सेल आणि स्प्रिंगच्या मधे प्लॅस्टिकची पट्टी असते. ती ओढली की सेलचा संपर्क होतो आणि बीप येतो. बटण असलेल्या प्रकारात पट्टी काढल्यावर बटण एकदा दाबावं लागतं, धून वाजेपर्यंत. त्यानंतर ठरावीक वेळच तो नव्या फोनला दिसतो, म्हणून अ‍ॅप आधी उघडून “नवा जोडा” पर्यंत जाऊन थांबा आणि मग बटण दाबा. उलट क्रमाने केलं, तर खाते उघडण्यात आणि पासवर्ड आठवण्यात ती वेळ निघून जाते. एकाहून जास्त नवे ट्रॅकर असतील, तर एकच फोनजवळ ठेवा, बाकीच्यांच्या पट्ट्या ओढूच नका.

बीप आलाच नाही, तर सेल बघा. बऱ्याच ट्रॅकरमध्ये `CR2032` हा नाण्यासारखा सेल असतो. त्या आकड्यांचा अर्थ सरळ आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. घरात पडलेला `CR2025` त्यात नेमका बसतो, कारण व्यास तोच, पण जाडी २.५ मिलिमीटर. मग स्प्रिंग नीट टेकत नाही, ट्रॅकर एकदा बीप करतो आणि हलवला की गप्प होतो. दुर्बल सेलची खूणही साधारण अशीच: सेल घालताना एक क्षीण बीप, नंतर शांतता, किंवा बीप अर्ध्यातच विरतो. मीटरने मोजलं तर सेल ३ व्होल्टच्या आसपास दाखवू शकतो, कारण मोजताना त्यावर भार नसतो; बीपर वाजायला लागला की व्होल्टेज कोसळतं. संशय असेल तर नवा सेल घालून बघणं हाच खरा तपास.

सेल घालताना अधिक चिन्हाची बाजू वर, सहसा तशीच असते, आत खूणही असते. काही `CR2032` सेलवर मुलांनी तोंडात घालू नयेत म्हणून कडू लेप दिलेला असतो, आणि लेप नेमका संपर्काच्या जागी आला तर काही ट्रॅकर चालत नाहीत. अ‍ॅपलनेही आपल्या एअरटॅग या ट्रॅकरबद्दल ही सूचना दिली आहे. काढलेला सेल टेबलावर सोडू नका, लहान मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेला गंभीर इजा करतो.

वापरलेला ट्रॅकर: बटणाने न सुटणारी गाठ

मैत्रिणीने मला तिचा जुना एअरटॅग दिला. एअरटॅगला बटण नाही, दिवाही नाही. मी सेल काढून घातला, आवाज आला, फोन जवळ नेला, आणि स्क्रीनवर आलं की हा टॅग दुसऱ्याच्या खात्याला जोडलेला आहे. स्पीकरवर जमलेली युक्ती इथे चालली नाही, आणि ती चालू नये अशीच रचना आहे. चोराला सेल काढून टॅग आपला करता आला असता, तर हरवलेली वस्तू शोधण्यासाठी तो टॅग लावण्यात अर्थच उरला नसता. मालकी टॅगमध्ये लिहिलेली नसून खात्यात आहे.

म्हणून आधी तिने आपल्या फोनवरच्या Find My अ‍ॅपमधून टॅग काढला. ती तेव्हा तिच्या घरी होती आणि टॅग माझ्याकडे, म्हणजे ब्लूटूथच्या टप्प्याबाहेर. खात्यातून गाठ सुटली, पण टॅगला ते कळलंच नाही. अशा वेळी टॅगही हाताने रिसेट करावा लागतो, आणि तो असा: चकचकीत स्टीलची बाजू दाबून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, झाकण निघतं. सेल काढा, परत घाला आणि आवाज येईपर्यंत दाबून धरा. असं एकूण पाच वेळा करायचं, दर वेळी आवाज यायलाच हवा. पाचवा आवाज आधीच्या चारांपेक्षा वेगळा असतो, आणि तीच रिसेट झाल्याची खूण.

माझ्याकडून पहिल्या वेळी चुकलं ते तिसऱ्या खेपेला. आवाज यायच्या आधीच सेल उचलला, आणि मग पाचवा आवाजही आधीच्यांसारखाच आला. घाईचा हा दंड म्हणजे सगळं पहिल्यापासून. दुसऱ्यांदा प्रत्येक आवाज पूर्ण ऐकून मगच सेल काढला, तेव्हा पाचव्याला वेगळा सूर लागला. झाकण बसवून टॅग फोनच्या शेजारी आणला, तर जोडणीची खिडकी लगेच उघडली.

एअरटॅग आयफोन किंवा आयपॅडवरूनच जोडता येतो, अँड्रॉइडवरून नाही. इतर कंपनीचा टॅग घेताना तो कुठल्या कंपनीच्या शोध-जाळ्यात, म्हणजे नेटवर्कमध्ये चालतो ते खोक्यावर आधी वाचा. अ‍ॅपलच्या जाळ्यासाठी बनलेला टॅग अँड्रॉइड फोनला कितीही बीप करून दाखवला तरी जोडला जाणार नाही, बटण पाच सेकंद धरा की पन्नास.

मालक सापडत नसेल, तर तो टॅग कुणालाही जोडता येत नाही. जुना टॅग विकत घेताना विकणाऱ्याने तुमच्यासमोर, टॅग हातात असताना आपल्या खात्यातून तो काढून दाखवावा, एवढा आग्रह धरा. टप्प्यात असताना काढला, तर पाच वेळा सेल घालायची कसरतही वाचते.

जोडून झाल्यावर अ‍ॅपमधून त्याला वाजवून बघा. फोन शेजारी असताना वाजला, मग पुढच्या खोलीतून वाजवा, मग दार लावून. भिंतीपलीकडून वाजत नसेल आणि सेल नवा असेल, तर टॅग धातूच्या डबीत किंवा किल्ल्यांच्या जुडग्यात गुंडाळलेला आहे का ते पाहा. धातू ब्लूटूथच्या लहरी अडवतो. माझा टॅग मी पहिल्यांदा पत्र्याच्या पेन्सिल डबीत ठेवला होता, आणि तो फक्त डबी उघडल्यावरच वाजायचा.